शेअर तारण ठेवून कर्ज: ‘मी विकणारच नाही’ म्हटलं तर धोका कसला?

मध्यमपल्ला: माझ्याकडे 100 लाखांचे शेअर आहेत. ते तारण ठेवून 50 लाखांचं कर्ज घ्यायचा विचार आहे. विकले तर करही जाईल आणि चांगले शेअरही जातील. बाजार पडला तरी मी घाबरून विकणाऱ्यांतला नाही, थांबेन. मग यात धोका नेमका कुठे आहे?

बिनधास्त: काही धोका नाही, खुशाल घ्या. शेअर तुमच्याच नावावर राहतात, लाभांशही साधारणपणे तुम्हालाच मिळतो. कर्ज निम्मं आहे, म्हणजे भाव निम्म्यावर येईपर्यंत देणाऱ्याचे पैसे सुरक्षित. तोवर तो कशाला हात लावेल?

हिशेबी: बिनधास्त, पैसे सुरक्षित आहेत हे बरोबर, पण देणारा तोवर वाट बघत नाही. करारात एक पातळी ठरलेली असते. समजा, कर्ज तारणाच्या 65 टक्क्यांवर गेलं की विकायचा अधिकार. तुमचे 100 चे 75 लाख झाले की 50 लाखांचं कर्ज जवळजवळ 67 टक्के होतं. म्हणजे बाजार पाव भागाने पडला की गाडी तिथे पोचली. आता प्रमाण परत 50 टक्क्यांवर आणायचं. रोख भरलीत तर साडेबारा लाखांत काम होतं. रोख नसेल तर किती विकावं लागतं? 25 लाखांचे. दुप्पट! कारण विकल्यावर कर्ज कमी होतं तसं तारणही कमी होतं. बाजार पडला पाव भाग, तुमचे शेअर गेले एक तृतीयांश.

पुढचं जास्त दुखतं. भाव पुन्हा जुन्या जागी आला असं धरा. उरलेले शेअर साधारण 66.7 लाखांचे, कर्ज 25 लाख, म्हणजे निव्वळ 41.7. सुरुवातीला निव्वळ 50 होते. व्याज तर मी धरलंच नाही. बाजार सावरला, तुम्ही नाही सावरलात. आणि जो कर वाचवायला निघालात, तो या विक्रीवरही लागू शकतो.

टेहळ्या: म्हणूनच ज्या कंपनीच्या प्रवर्तकांनी शेअर तारण ठेवलेत तिला मी हातच लावत नाही. भाव पडतो, तारणातले शेअर बाजारात येतात, त्याने भाव आणखी पडतो.

हिशेबी: टेहळ्या, विषय वैयक्तिक कर्जाचा आहे. पण तुमचा मुद्दा इथेही लागतो: तारणात एकाच कंपनीचे शेअर असतील आणि तिच्या प्रवर्तकांचेही गहाण असतील, तर त्यांच्या विक्रीने तुमचंही प्रमाण बिघडतं.

काठावरची: माझा अनुभव सांगते. देणाऱ्याचं नाव घेत नाही. नोटीस संध्याकाळी ईमेलवर आली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पैसे भरा म्हणून. पैसे होते, पण मुदत ठेवीत. ती मोडून रक्कम खात्यात येईपर्यंत विक्री झालेली. वर विकले ते माझे सगळ्यात चांगले शेअर, कारण तेच पटकन खपतात. रद्दी तशीच राहिली.

बिनधास्त: हा शिस्तीचा प्रश्न आहे, कर्जाचा नाही. बाजूला रोख ठेवा, झालं.

काठावरची: एवढी रोख बाजूला असती तर कर्ज कशाला घेतलं असतं?

हिशेबी: दोघांचंही थोडं थोडं पटतं. माझ्या मते खरा उपाय रक्कम कमी ठेवणं हा आहे. त्याच शेअरवर 25 लाखच घेतलेत तर 65 टक्क्यांची पातळी यायला भाव 60 टक्क्यांहून जास्त पडावा लागतो. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेचा एस अँड पी 500 महिनाभरात 34 टक्के घसरला होता. एवढ्या पडझडीत 25 लाखवाला वाचतो, 50 लाखवाला नाही. अर्थात तो निर्देशांक आहे. सुटा शेअर त्याहून खूप जास्त पडू शकतो. शिवाय पडझडीत देणारे एखादा शेअर मंजूर यादीतून काढतात किंवा त्याची किंमत पूर्वीपेक्षा कमी धरतात. मग भाव न हलताही नोटीस येते.

बिनधास्त: 25 लाखांनी काम भागणार असतं तर त्यांनी 50 विचारले असते का? मग सरळ निम्मे शेअर विका म्हणा, कर भरा.

हिशेबी: रक्कम मोठी आणि परतफेड लांबची असेल तर हो, मी तेच म्हणेन. सहा-आठ महिन्यांत पैसे येणार असतील तर तारण ठीक.

मध्यमपल्ला: माझे पैसे दोन वर्षांनी येणार आहेत, तेही नक्की नाहीत. करार आत्ता उघडून पाहिला. नोटिशीची मुदत लिहिलेलीच नाही, ‘देणाऱ्यास योग्य वाटेल तेवढी’ एवढंच आहे.

काठावरची: कोणते शेअर आधी विकायचे हे कोण ठरवणार, तेही शोधा. माझ्या करारात ते शेवटून दुसऱ्या पानावर होतं.