नोटिशीतले एंटर कसे काढायचे?

सुलभा (सचिव): टाकी सफाईची नोटीस वर टाकली आहे. कंत्राटदाराच्या ईमेलमधून वर्डमध्ये घेतली, पण ओळी मध्येच तुटतायत. रात्रीपर्यंत नीट करून पाठवायची आहे. कुणाला जमेल का?

मिलिंदकाका: माझ्या फोनवर तर एक पूर्ण ओळ, मग दोनच शब्द, परत पूर्ण ओळ असं दिसतंय. वाचताना धागाच सुटतो.

नीलिमाताई: सुलभा, प्रत्येक ओळीला एंटर पडलाय. साध्या मजकुराच्या ईमेलमध्ये ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवायचा जुना संकेत आहे. म्हणून काही मेल प्रोग्राम पाठवताना स्वतःच ओळी तोडतात. मोठ्या स्क्रीनवर ते कळत नाही, फोनची ओळ त्याहून लहान असल्यामुळे तिथे उघडं पडतं. वर्डमध्ये Home वरचं ¶ बटण दाब आणि ओळींच्या शेवटी काय दिसतं ते सांग.

सुलभा (सचिव): प्रत्येक ओळीच्या शेवटी ¶ आहे. दोन परिच्छेदांच्या मध्ये नुसता ¶ असलेली रिकामी ओळ आहे.

नीलिमाताई: मग काम सोपं आहे. ¶ ऐवजी वाकडा बाण ↵ असता, तर आधी `^l` च्या जागी `^p` घालावं लागलं असतं.

आता सगळे एंटर एकदम काढलेस तर अख्खी नोटीस एकच परिच्छेद होईल. म्हणून परिच्छेदांमधल्या जोड एंटरच्या जागी आधी एक खूण ठेवायची, मग उरलेले सुटे एंटर काढायचे आणि शेवटी खुणेचा परत एंटर करायचा. मजकुरात कुठेही नसेल अशी खूण हवी, मी @@@ घेते. Ctrl+H उघड. डावीकडचं Find what मध्ये, उजवीकडचं Replace with मध्ये, आणि दर वेळी Replace All.

```
^p^p  →  @@@
^p    →  एक स्पेस
@@@   →  ^p
```

दुसऱ्या पायरीत स्पेस विसरू नकोस. नाहीतर 'टाकी' आणि 'रिकामी' मिळून 'टाकीरिकामी' होतं, आणि असे जोडले गेलेले शब्द नंतर डोळ्यांनी शोधत बसावे लागतात.

ओंकार: ताई, तिचा मजकूर लेटरहेडच्या फाइलमध्ये आहे. वरचा पत्ता आणि खालच्या सह्या पण एका ओळीत येतील ना?

नीलिमाताई: बरोबर, येतील. सुलभा, आधी फाइलची एक प्रत काढून ठेव. मग फक्त चिकटवलेला मजकूर सिलेक्ट करून Replace All कर. उरलेल्या फाइलमध्येही शोधू का असं वर्ड विचारेल, तिथे No. प्रत्येक पायरीला परत तेवढाच भाग सिलेक्ट झालेला आहे ना, ते बघ.

सुलभा (सचिव): केलं. पण पहिला आणि दुसरा परिच्छेद एकमेकांना चिकटलेत. बाकीचे सुटे आहेत.

नीलिमाताई: त्या दोघांमधली ओळ खरी रिकामी नव्हती, तिच्यात स्पेस होती. स्पेस मध्ये आली की दोन ¶ शेजारी येत नाहीत, मग `^p^p` ला ती जागा सापडत नाही. ¶ चालू असताना स्पेस छोट्या ठिपक्यासारखी दिसते, मूळ प्रतीत बघ.

सुलभा (सचिव): हो, तिथे दोन ठिपके आहेत!

नीलिमाताई: मग मूळ प्रतीवरूनच परत सुरू कर. सगळ्यात आधी Find what मध्ये एक स्पेस आणि लगेच `^p` लिही, Replace with मध्ये नुसतं `^p`. एका वेळेला एकच स्पेस जाते, म्हणून ० बदल झाले असं येईपर्यंत Replace All दाबत राहा. मग त्या तीन पायऱ्या.

वैशाली: आणि खालचे मुद्दे? मूळ मेलमध्ये असे आहेत:

```
१. सकाळी ९ पूर्वी पाणी भरून ठेवावे.
२. काम संपेपर्यंत मोटर सुरू करू नये.
३. पहिले पाणी १० मिनिटे वाहू द्यावे.
```

यांच्यात रिकामी ओळ नाही, म्हणजे तिन्ही सलग येतील.

नीलिमाताई: येतील. इथला एंटर मुद्दाम दिलेला आहे, पण वर्डला तो आणि ओळ तुटल्याचा एंटर सारखाच. त्यामुळे पायऱ्या सुरू करण्याआधी प्रत्येक मुद्द्यापुढे हाताने आणखी एक एंटर दे. तारीख, विषय, नाव, फोन नंबर यांनाही तसंच. एखाद्या मेलमध्ये परिच्छेदांमध्येही रिकामी ओळ नसते, तिथे मात्र वाचूनच ठरवावं लागतं. वाक्य संपून ओळ निम्म्यातच थांबली असेल तर बहुतेक तिथे परिच्छेद संपलेला असतो.

सुलभा (सचिव): आता सगळं सुटं झालं. फक्त सह्यांच्या वरच्या परिच्छेदाच्या सुरुवातीला एक ठिपका आहे.

नीलिमाताई: तिथे दोन रिकाम्या ओळी असणार. तीन एंटरपैकी दोनांची खूण झाली आणि तिसऱ्याची स्पेस. `^p` आणि पुढे एक स्पेस शोध, बदली नुसतं `^p`. आणि दोन स्पेसच्या जागी एक, तेही करून घे.

सुलभा (सचिव): पाठवली. काका, फोनवर बघता का?

मिलिंदकाका: बघितली. ओळी कडेपर्यंत जातायत आणि तिन्ही मुद्दे वेगळे आहेत. फक्त 'पाणीपुरव ठा' असं तुटलेलं दिसतंय.

नीलिमाताई: शब्दाच्या मध्येच एंटर होता, त्याची स्पेस झाली. तेवढं हाताने जोड, सुलभा.

सुलभा (सचिव): जोडलं. नवीन प्रत टाकते, जुनी डिलीट करते.