मदत हवी आहे: वॉरफरिन सुरू केल्यावर चौथ्या दिवशी मांडीची कातडी काळी पडली. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने गुठळ्या कशा होतात?

पाऊलखुणा (धागाकर्ता)

ताईसाठी विचारतोय. वय ३६. डाव्या पोटरीला सूज आली म्हणून सोनोग्राफी केली, तर खोल शिरेत गुठळी निघाली. त्याच दिवशी हेपरिनची इंजेक्शनं सुरू झाली आणि रात्रीपासून वॉरफरिन १० मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी आयएनआर २.४ आला. रक्त हवं तेवढं पातळ झालंय असं सांगून इंजेक्शनं थांबवली आणि गोळी चालू ठेवून घरी पाठवलं.

चौथ्या दिवशी सकाळी उजव्या मांडीत, म्हणजे गुठळी नसलेल्या पायात, आग झाल्यासारखं दुखायला लागलं. तेव्हा वरून काहीच दिसत नव्हतं. दुपारी तळहाताएवढा लालसर चट्टा उठला, हाताला कडक लागत होता. रात्री तो जांभळा झाला. दुसऱ्या दिवशी मधला भाग काळपट आणि कडेला रक्ताने भरलेले फोड. आम्ही दुसऱ्या रुग्णालयात नेलं. तिथे बघताक्षणी वॉरफरिन बंद केलं, शिरेतून व्हिटॅमिन के दिलं, प्लाझ्मा चढवला आणि हेपरिनची ड्रिप लावली. 'वॉरफरिनमुळे झालेला त्वचेचा नेक्रोसिस' असं निदान सांगितलं. आत गेल्यावर लगेच घेतलेल्या रक्तात प्रोटीन सी २१ टक्के आलं. सध्या ती स्थिर आहे, चट्टा वाढायचा थांबलाय.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. गुठळ्या थांबवायच्या गोळीनेच गुठळ्या कशा झाल्या? आयएनआर २.४ होता, म्हणजे रक्त पातळ होतं ना? आणि २१ टक्के म्हणजे ताईला जन्मापासून प्रोटीन सी कमी आहे असं समजायचं का?

---

चांदणवेल

काळजी घ्या तिची. माझ्या आईला झडप बदलल्यापासून वॉरफरिन चालू आहे. एकदा आयएनआर ५ च्या वर गेला होता, तेव्हा तिच्याही हातापायावर काळेनिळे डाग आले होते. दोन दिवस गोळी बंद ठेवली आणि डाग गेले. ताईंचाही डोस जास्त झाला असेल. १० मिलिग्रॅम खूपच वाटतात.

---

गवतफुला

डोस जास्त झाला एवढंच नाही. वॉरफरिन पहिले काही दिवस रक्त उलट घट्ट करतं, म्हणून तर सोबत हेपरिन देतात. आयएनआर २ च्या वर गेला की मात्र तो काळ संपतो आणि हेपरिन थांबवता येतं. म्हणजे इथे हेपरिन बरोबरच थांबवलं होतं. मला वाटतं गोळीची ॲलर्जी असावी.

---

लालपेशी

मी रक्तविकार विभागात काम करते. तुमच्या ताईला पाहिलेलं नाही, त्यामुळे उपचारांचा निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. का झालं असावं तेवढं सांगते.

वॉरफरिन रक्तात असलेल्या कशालाही हात लावत नाही. यकृताला काही प्रथिनं कामाची करण्यासाठी व्हिटॅमिन के लागतं, ते पुन्हा पुन्हा वापरात आणण्याची वाट वॉरफरिन अडवतं. त्यामुळे नवीन प्रथिनं निकामी तयार होतात. जुनी, चांगली प्रथिनं मात्र आपापल्या गतीने संपतात, आणि सगळी खोच या गतीत आहे.

गुठळी घडवणारं मुख्य प्रथिन म्हणजे प्रोथ्रॉम्बिन. ते निम्मं व्हायला साधारण ६० तास लागतात. गुठळी आवरणारं प्रोटीन सी सुमारे ८ तासांतच निम्मं होतं. दोन्ही व्हिटॅमिन के वरच अवलंबून, म्हणून गोळी दोघांनाही अडवते. पण आवरणारं आधी संपतं.

आता ताईला खरंच कमतरता आहे असं धरून हिशोब करा. सुरुवात १०० ऐवजी ५० पासून. सोपं जावं म्हणून उत्पादन पूर्ण थांबलं असं मानू, प्रत्यक्षात तसं नसतं. ८ तासांनी प्रोटीन सी २५, १६ तासांनी १२, २४ तासांनी ६. त्याच २४ तासांनी प्रोथ्रॉम्बिन अजून ७५ च्या आसपास. म्हणजे गुठळी घडवायची ताकद जवळपास शाबूत आणि आवरणारं नावापुरतं. अशा वेळी कातडीखालच्या चरबीतल्या बारीक शिरा गुठळ्यांनी भरतात आणि वरच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. मांडी, कुल्ले, पोट, स्तन या चरबीच्या जागीच हे बहुतेक दिसतं, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त. १० मिलिग्रॅमसारख्या मोठ्या पहिल्या डोसने प्रोटीन सी आणखी झपाट्याने पडतं.

चांदणवेल, तुमच्या आईंचं वेगळं होतं. तो कातडीत झिरपलेला रक्तस्राव होता, म्हणून गोळी थांबवल्यावर विरला. इथे आधी वेदना आली आणि डाग मागून, चट्टा कडक होता, आणि सगळं गोळी सुरू झाल्यापासून पहिल्या काही दिवसांत. बहुतेकदा तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला सुरू होतं. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्याला आयएनआर वाढून जे डाग येतात त्यांना हा क्रम नसतो.

---

गवतफुला

मग आयएनआर २.४ कसा आला? प्रोथ्रॉम्बिन शाबूत असताना आयएनआर वाढायलाच नको.

---

लालपेशी

प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. आयएनआर ज्या चाचणीतून काढतात ती फॅक्टर सात हे गुठळी घडवणारं आणखी एक प्रथिन कमी झालं की लगेच लांबते, आणि फॅक्टर सात ५-६ तासांतच निम्मा होतो. प्रोटीन सीपेक्षाही लवकर. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा आयएनआर मुख्यतः फॅक्टर सात गेल्याचं सांगतो. शिरेतली गुठळी रोखायला प्रोथ्रॉम्बिन आणि फॅक्टर दहा उतरावे लागतात, आणि त्यांना काही दिवस जातात. वर कळस म्हणजे आयएनआर प्रोटीन सी मोजतच नाही. ते तळाला गेलं तरी आकड्यात दिसणार नाही.

म्हणून हेपरिन किमान ५ दिवस सोबत ठेवायचं आणि आयएनआर २ च्या वर गेल्यावरही २४ तास तिथे टिकलाय हे बघूनच थांबवायचं, असा नियम आहे. दोन्ही अटी पाळायच्या, कुठलीही एक नाही. हेपरिन अँटिथ्रॉम्बिन या गुठळी आवरणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाच्या जोरावर काम करतं, त्याला प्रोटीन सीची गरज नसते, म्हणून मधला काळ ते सांभाळतं. तिसऱ्या दिवशी ते काढलं तेव्हा ताईकडे ना हेपरिन होतं ना प्रोटीन सी. अर्थात हेपरिन असतं तर हे नक्की टळलं असतं असं मी म्हणणार नाही. धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही.

ॲलर्जी मात्र नाही. अशा चट्ट्याची बायोप्सी केली तर सूज आणणाऱ्या पेशी फारशा नसतात, बारीक शिरांमध्ये फायब्रिनच्या गुठळ्या असतात.

---

तिसरा_मजला

एक शंका. तुमच्याच हिशोबाने निरोगी माणूस २४ तासांत १०० वरून १२ वर येतो. तेही कमीच की. मग वॉरफरिन घेणाऱ्या प्रत्येकालाच हे का होत नाही?

---

लालपेशी

याचं पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही. थोडं सांगता येतं. उत्पादन पूर्ण थांबत नाही, त्यामुळे माझे आकडे खऱ्यापेक्षा कडक आहेत, आणि ५ मिलिग्रॅमने सुरुवात केली तर घसरण आणखी सावकाश होते. शिवाय कमतरता असलेला माणूस ८ तास पुढे धावतो. निरोगी माणूस १६ तासांनी जिथे येतो तिथे तो ८ तासांतच पोचतो, तेव्हा त्याचं प्रोथ्रॉम्बिन ९० च्या घरात असतं. मोठी गुठळी आधीच असेल तर प्रोटीन सी तिथेही खर्च होत असतं.

तरीही प्रोटीन सी कमी असलेल्या बहुतेकांना वॉरफरिनने काही होत नाही, आणि ज्यांना नेक्रोसिस होतो त्यातल्या अनेकांचं प्रोटीन सी तपासात ठीक निघतं. काहींत प्रोटीन सीला साथ देणारं प्रोटीन एस कमी असतं, काहींत काहीच सापडत नाही. चरबीच्या जागीच का, हेही पक्कं ठाऊक नाही. म्हणून पाऊलखुणा, नेक्रोसिस झाला म्हणजे कमतरता असणारच, असं उलटं गणित मांडू नका.

---

पाऊलखुणा

धन्यवाद, आता क्रम लागला. पण मग २१ टक्क्यांचं काय? रिपोर्टवर लाल अक्षरात 'कमी' असं छापलंय आणि घरात सगळे तेच धरून बसलेत.

---

लालपेशी

त्या आकड्यावरून निदान करता येणार नाही. तो नमुना वॉरफरिन अंगात असताना घेतलाय, आणि वॉरफरिनवर असलेल्या कुणाचंही प्रोटीन सी कमीच येईल. ताजी गुठळीही ते थोडं खाली आणते. एका जनुकात दोष असलेल्यांचं प्रोटीन सी एरवी साधारण ४० ते ६० टक्क्यांत असतं. २१ हा ५० वरून उतरलेला असू शकतो आणि १०० वरूनही.

खरं कळायला वॉरफरिन बंद होऊन काही आठवडे जायला हवेत, किमान दोन. तोवर ती हेपरिनवर राहू शकते. त्याने प्रोटीन सी घटत नाही, फक्त तपासणी क्रोमोजेनिक पद्धतीची आहे ना ते प्रयोगशाळेला विचारा, गुठळी मोजणाऱ्या पद्धतीत औषधांचा गोंधळ होऊ शकतो. प्रोटीन एसही सोबत करायला सांगा.

यापेक्षा लवकरची एक वाट आहे. आईवडील किंवा तुम्ही वॉरफरिन घेत नसाल तर तुमचा नमुना आजही चालतो. वडिलांचा किंवा आईचा आकडा ५० च्या आसपास आला तर ताईचा संशय बळावेल. त्या स्थितीत तुम्हालाही तो दोष असण्याची शक्यता निम्मी धरा.

---

गवतफुला

पुढे तरी वॉरफरिनचं नाव काढू नका. हल्ली रिव्हारॉक्साबॅन, एपिक्साबॅनसारख्या गोळ्या आहेत, त्या थेट फॅक्टर दहालाच अडवतात, प्रोटीन सीला धक्का लावत नाहीत. आयुष्यभर त्याच द्या.

---

लालपेशी

तुमचा तर्क पटतो, आणि बरेच डॉक्टर आता तोच मार्ग घेतात. प्रोटीन सी कमी असलेल्यांमधला त्या गोळ्यांचा अनुभव वॉरफरिनइतका जुना नाही, एवढं डोक्यात ठेवा. वॉरफरिन कायमचं बादही होत नाही. हेपरिन पूर्ण मात्रेत चालू ठेवून १-२ मिलिग्रॅमपासून सुरू करायचं आणि काही आठवड्यांत हळूहळू चढवायचं, असं नेक्रोसिस होऊन गेलेल्या रुग्णांतही केलं जातं. आयएनआर नीट स्थिरावल्याशिवाय हेपरिनला हात लावायचा नाही. ताईला पुढे मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आताच सांगा. गरोदरपणात ना वॉरफरिन चालतं ना या नव्या गोळ्या, हेपरिनच घ्यावं लागतं.

---

चांदणवेल

जखम भरून येईल ना पण? काळा भाग कापावा लागतो का?

---

लालपेशी

मेलेली कातडी परत जिवंत होत नाही. वरवरची असेल तर ड्रेसिंगवर भरते, खोल असेल तर ती काढून दुसरीकडची कातडी लावावी लागते. सर्जन लगेच कापत नसतील तर घाबरू नका. जिवंत आणि मेलेल्या भागाची सीमा स्पष्ट व्हायला वेळ लागतो. कडेची रेघ पेनाने आखून ठेवलीय का बघा. रेघेबाहेर लाली किंवा वेदना सरकली, किंवा दुसऱ्या जागी तशीच आग सुरू झाली, तर रात्र असली तरी सांगा.

---

पाऊलखुणा

रेघ आखलीय, काल आणि आजची एकाच जागी आहे. बाबांचा आणि माझा नमुना आज दिला, क्रोमोजेनिकच आहे हे विचारून घेतलं. आई रक्त द्यायला तयार नाही, तिला वाटतं दोष तिच्यावर येईल. तिला कसं समजवायचं ते बघतो. रिपोर्ट आले की इथेच टाकतो.