अनुभव धागा : आईवडिलांना लिहिलेला निरोप आणि त्यानंतरचे बोलणे

धागा सुरू करणाऱ्या शिक्षिका, भुसावळ
गुणांचा ताण आणि पुढील शिक्षणाची निवड यांविषयी आईवडिलांना तोंडी सांगता येत नाही म्हणून लिहून कळवणारी मुले मला दरवर्षी भेटतात. ज्यांनी असा निरोप लिहिला किंवा ज्यांना तो मिळाला, त्यांनी त्यात काय लिहिले होते, तो केव्हा हाती पडला आणि पुढे काय घडले, हे सविस्तर सांगावे.

बारावीची विद्यार्थिनी, रावेर तालुका
मी लिहिलेला मजकूर जसाच्या तसा देते.

"अप्पा, आई, नीटच्या सराव परीक्षेत मला ७२० पैकी ३१० गुण मिळाले. जीवशास्त्र बरे आहे. भौतिकशास्त्रात उत्तरे चुकतात आणि त्यामुळे मिळालेले गुणही कापले जातात. मी नीट देणार आहे आणि सीईटीही देणार आहे. मात्र वैद्यकीयला जागा मिळाली नाही, तर लातूरला आणखी एक वर्ष न घालवता मला कृषी पदवी करायची आहे. यावर आपण रविवारी जेवणानंतर अर्धा तास बोलू या. त्या वेळी आत्याच्या मुलाचे गुण काढू नयेत, एवढी विनंती. निर्णय त्याच दिवशी व्हावा असा माझा आग्रह नाही."

अप्पा ज्या वहीत केळीच्या कापणीचा हिशोब लिहितात, त्या वहीत मी हा कागद ठेवला. रविवारही विचारपूर्वक निवडला होता, कारण त्या आठवड्यात शेतीची वीज दिवसा होती. रात्रपाळीच्या आठवड्यात अप्पा मोटार सुरू करायला शेतात जातात आणि सकाळी त्यांच्याशी कोणताही विषय काढण्यात अर्थ नसतो. दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत. रविवारी त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेतीच करायची तर मग शिकायचे कशाला?" त्यावर मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाची माहिती आणि चार वर्षांच्या खर्चाचा अंदाज त्यांच्यापुढे ठेवला. तेव्हा त्यांचा आवाज खाली आला, होकार मात्र आला नाही.

एक पालक, जळगाव
नीटपेक्षा सीईटी बरी, तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. लेकीला हे समजावले असते तर पत्राची वेळच आली नसती. लातूरला चांगला क्लास कोणता, हेही कोणी सांगावे.

समुपदेशक, धुळे
भाऊ, गुण कापत नाहीत हे खरे. पण ते कोणाचेच कापत नाहीत आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, त्यामुळे परीक्षा सोपी ठरत नाही. शिवाय सीईटीवरून एमबीबीएसला प्रवेश मिळत नाही. क्लासचा प्रश्न या धाग्याचा नाही.

रावेरच्या मुलीच्या निरोपात मला महत्त्वाची वाटते ती तिची मागणी. ती "मला समजून घ्या" एवढ्यावर थांबत नाही. वार, वेळ आणि काय बोलू नये हे ती सांगते, आणि वडिलांच्या इच्छेतला जो भाग तिला मान्य आहे तो आधीच मान्य करून टाकते. त्यामुळे वादासाठी एकच मुद्दा उरतो, तो म्हणजे पुन्हा एक वर्ष द्यायचे की नाही. "तुम्ही नेहमी" आणि "तुम्ही कधीच" हे शब्द तिच्या कागदावर नाहीत. माझ्या अनुभवात बोलणी बहुतेकदा याच शब्दांवर फिसकटतात.

आई, नंदुरबार
माझ्या मुलाने रात्री उशिरा मोबाइलवर एकच ओळ पाठवली होती : "आता हे सहन होत नाही." दहावीच्या पूर्वपरीक्षेनंतरची ही गोष्ट. त्याला गणिताचा क्लास बदलायचा होता. मी मात्र भलतेच समजले आणि रात्रभर त्याच्या खोलीबाहेर बसून राहिले. मुलांनी काय सहन होत नाही ते लिहावे, आणि शक्यतो सकाळी द्यावे.

समुपदेशक, धुळे
ताई, तुम्ही बसून राहिलात ते योग्यच केले. अशी ओळ आली की अर्थ लावत न बसता त्याच क्षणी मुलाकडे जावे आणि "जिवाचे काही मनात आहे का?" असे सरळ विचारावे, विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही. खरोखर तसे मनात असेल, तर मुलाने रविवारची वाट पाहू नये. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येते.

वडील, चोपडा
दुसरी बाजूही ऐकावी. क्लासच्या फीचे दोन हप्ते मी कापूस विकून भरले आहेत आणि ते परत मिळणार नाहीत. मुलगा लिहितो, "मला चित्रकलेत पुढे जायचे आहे". कुठे, कोणती परीक्षा देऊन, किती खर्चात, यातले काहीच लिहीत नाही. मी शांत बसायचे तरी कशाच्या आधारावर?

बारावीची विद्यार्थिनी, रावेर तालुका
काका, अप्पांनीही फीचाच विषय काढला होता. गेलेले हप्ते मी परत आणू शकत नाही. पुढचे वर्ष घ्यायचे ठरले तर राहणे, जेवण आणि क्लास मिळून किती लागतील, तेवढेच मी त्यांच्याच वहीत त्यांच्यासमोर मांडले. आईचे मत अजून पुन्हा परीक्षा द्यावी असेच आहे. नीटचा निकाल लागल्यावर आठ दिवसांनी मामांना बोलावून पुन्हा बसायचे ठरले आहे, आणि तोवर घरात गुणांचा विषय काढायचा नाही, हे आईनेही मान्य केले आहे. ती ते पाळते. आजी पाळत नाही.