दाढ काढूनही न थांबलेली कळ

“आईची उजवीकडची खालची दाढ काढली, तरी घास चावताना किंवा गार वारा लागताच गालात वीज चमकल्यासारखी कळ येते. शेजारचीही दाढ काढावी का?”

माझी कळकळीची विनंती आहे की, ती दाढ काढण्यापूर्वी आईंना मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे, कारण हे वर्णन ट्रायजेमिनल न्यूराल्जियाशी, म्हणजे चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या दुखण्याशी, जुळते. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी ही नस मेंदूला मिळते तेथे बहुधा एखादी रक्तवाहिनी तिच्यावर दाबते, नसेवरचे आवरण झिजते आणि साध्या स्पर्शाचा संदेशही वेदनेच्या तंतूंत शिरतो. कळ जबड्यात जाणवत असल्याने दाताचाच संशय येतो आणि निरोगी दाढा नाहक जातात.

किडलेली दाढ बहुधा ठणकते, तेही बराच वेळ. ही कळ मात्र काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत थांबते आणि तोंड धुताना गालाला नुसता हात लागला तरी उठते. नेहमीच्या वेदनाशामकांचा तिच्यावर सहसा उपयोग होत नाही. कार्बामाझेपिन हे फिट्सवरचे औषध मात्र बहुतेकांना गुण देते. ते अल्प मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात, मात्र अंगावर पुरळ उठल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, आणि रक्तातील सोडियमही तपासत राहावे लागते.

गाल बधिर असेल किंवा दोन्ही बाजूंना कळा येत असतील, तर मेंदूतील गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस या नसांचे आवरण झिजवणाऱ्या आजाराची शंका घ्यावी लागते. एरवीही एमआरआय करून घेणे योग्यच. औषध पुरेसे पडले नाही, तर रक्तवाहिनी नसेपासून दूर करण्याची शस्त्रक्रिया करता येते.