मदत हवी आहे: एकच पत्र अनेक कंपन्यांना पाठवताना काय बदलावे?
नमस्कार. भोसरीत आमचे सीएनसी टर्निंगचे छोटे वर्कशॉप असून, जॉबवर्कसाठी मी बारा कंपन्यांच्या खरेदी विभागांना एकाच साच्यातील ईमेल पाठवले. एका पंप उत्पादकाने कळवले की पत्रात फक्त कंपनीचे नाव बदललेले दिसते; ते खरेच होते, कारण ‘आपल्या नामांकित कंपनीस’ हे वाक्य कोणालाही लागू पडते.

आता यंत्रांची क्षमता आणि तपासणीची पद्धत सांगणारा मधला परिच्छेद तसाच ठेवून, मी सुरुवातीची दोन वाक्ये आणि सोबतची छायाचित्रे बदलतो: पंपवाल्यांना शाफ्ट व स्लीव्ह, व्हॉल्व्हवाल्यांना स्पिंडल. तरीही विषयओळ आणि शेवटची विनंती सारखीच राहते, आणि मला वाटते की साचा तिथेच उघडा पडतो. शेवटी ड्रॉइंग मागावे की एक नग नमुना म्हणून करून देण्याची तयारी दाखवावी, हे आपण कंपनीनुसार कसे ठरवता?