रेंज काढताना D ≥ 0: ही रीत लेकरांना शिकवावी का नाही?

लातूरचा बारावीवाला: y = (x² − 3x + 2)/(x² + x − 2) ची रेंज काढायची होती. तिरका गुणाकार करून x चं वर्गसमीकरण मांडलं. विवेचक D आला (3y + 1)², तो तर कधीच ऋण होत नाही. म्हणून सगळ्या वास्तव संख्या असं लिहिलं. उत्तरात 1 आणि −1/3 वगळलेत. रीतच चुकीची आहे का? मग शिकवतात कशाला?

परभणीचा क्लासवाला: आधी अवयव पाड की बाबा! वर (x − 1)(x − 2), खाली (x − 1)(x + 2). x − 1 उडवला की (x − 2)/(x + 2) उरतं, त्याची रेंज 1 सोडून सगळं. छापील उत्तरातला −1/3 चुकून आला असणार.

नांदेडच्या मॅडम: नाही सर, −1/3 बरोबर आहे. उडवलेला x − 1 प्रांतातून गेलेलाच राहतो. (x − 2)/(x + 2) ची किंमत −1/3 फक्त x = 1 लाच येते, आणि तिथं मूळ फलनच नाही.

आता विवेचकानं का फसवलं ते बघा. समीकरण आहे (y − 1)x² + (y + 3)x − 2(y + 1) = 0. यात x = 1 टाका. y काहीही घ्या, बेरीज शून्यच. D ≥ 0 एवढंच विचारतो की वास्तव मूळ आहे का, आणि इथं 1 हे मूळ कायम हजर, म्हणून तो कायम ‘हो’ म्हणतो. खरा प्रश्न दुसऱ्या मुळाचा. मुळांचा गुणाकार −2(y + 1)/(y − 1), एक मूळ 1, म्हणजे दुसरं तेवढंच. ते 1 होतं फक्त y = −1/3 ला; तेव्हा दोन्ही मुळं 1 आणि हाती काहीच नाही. आणि y = 1 ला x² चा सहगुणकच जातो, 4x − 4 = 0 उरतं, पुन्हा x = 1. म्हणून तेही बाद.

परभणीचा क्लासवाला: −1/3 चं मान्य. पण मग x = −2 ला पण छेद शून्य होतो, त्याची भीती नाही का?

नांदेडच्या मॅडम: नाही. y(x² + x − 2) = x² − 3x + 2 मध्ये −2 टाकलं तर डावीकडं 0, उजवीकडं 12. ते कधीच मूळ होणार नाही. घुसखोरी तेव्हाच, जेव्हा अंश आणि छेद एकाच ठिकाणी शून्य होतात. त्याची खूण विवेचकातच दिसते: तो y मध्ये पूर्ण वर्ग आला की थांबायचं आणि सामाईक अवयव शोधायचा.

उदगीरचा इंजिनिअर: एवढ्या अटी पाठ करण्यापेक्षा विकलन करा. ही रीत म्हणजे परीक्षेसाठीचा जुगाड. मी तर शाळेतून काढूनच टाकली असती.

नांदेडच्या मॅडम: करून बघा इथंच. y′ = 4/(x + 2)², कुठंही शून्य नाही. त्यानं 1 आणि −1/3 सापडतात का? सीमा बघाव्याच लागतात आणि x = 1 ची फट तुम्हालाच आठवावी लागते. कष्ट दोन्हीकडं सारखेच.

अंबाजोगाईची: माझे पण मार्क गेले! (x² − x + 1)/(x² + x + 1) ला D ≥ 0 करून [1/3, 3] लिहिलं, तर चूक दिली. छेद तर कधी शून्य होत नाही, सामाईक अवयवपण नाही.

परभणीचा क्लासवाला: [1/3, 3] बरोबरच आहे की. पेपर परत दाखव सरांना.

अंबाजोगाईची: हां, प्रश्नात x > 0 दिलं होतं…

नांदेडच्या मॅडम: मग चूकच! विवेचकाला मूळ धन का ऋण हे कळत नाही. इथं समीकरण (y − 1)x² + (y + 1)x + (y − 1) = 0, मुळांचा गुणाकार 1, म्हणजे दोन्ही एकाच चिन्हाची. धन हवी तर बेरीज −(y + 1)/(y − 1) पण धन हवी, म्हणजे −1 < y < 1. [1/3, 3] शी जोडलं की [1/3, 1). y = 1 ला x = 0 येतं, तेही चालत नाही.

उदगीरचा इंजिनिअर: बघा, आणखी एक अट वाढली. विकलनात x = 1 ला किमान 1/3 आणि दोन्ही टोकांना 1 कडं जातं, दोन ओळींत विषय संपला.

नांदेडच्या मॅडम: या गणिताला तुमचं सोपं, मान्य. पण अकरावीच्या लेकरानं विकलन शिकायच्या आधी रेंज काढायची कशी?

लातूरचा बारावीवाला: वर घन आणि खाली वर्ग असेल तर?

नांदेडच्या मॅडम: मग x चं समीकरण घनाचं होतं. सहगुणक वास्तव असतील तर त्याला एक तरी वास्तव मूळ असतंच, म्हणून D ≥ 0 चा प्रश्नच येत नाही. छेद शून्य न करणारं एक तरी वास्तव मूळ आहे ना, एवढंच बघायचं.