मदत हवी आहे: संस्थेच्या कागदांसाठी नियम लिहितेय, क्षेत्र आणि "ता." वर अडकलेय

तासगावची_मी: नमस्कार मंडळी. आमची पाणी वापर संस्था आहे, मी ऑफिस बघते. नोटिसा, ठराव, पाणीपट्टीचे तक्ते चारजण टाइप करतात आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. यंदा एका सभासदाचं क्षेत्र "१.५ हे." असं पडलं, आकारणी दीड हेक्टरवर झाली, सातबारा काढला तर १ हेक्टर ५ आर. ४५ आरची जादा पट्टी भरली त्या माणसानं आणि परत मिळवायला तीन हेलपाटे, फार वाईट वाटलं मला. हे परत होऊ नये म्हणून नियम लिहितेय. क्षेत्र कसं लिहायचं? आणि "ता." म्हणजे तालुका की तारीख, दोन्हीकडं तेच वापरतात आमच्यात.

मिरजकर७: ताई, सगळं एकर-गुंठ्यात लिवा, शेतकऱ्याला तेच कळतं. गुंठा म्हणजे आरच की, आकडा सरळ उतरवायचा.

जुना_टंकलेखक: दादा, बोलायला ठीक आहे, पण उतरवू नका. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चा. ताईंच्या सभासदाचे १०५ आर तुम्ही १०५ गुंठे लिहिले तर २ एकर २५ गुंठे होतात, खरे २ एकर २४ सुद्धा पुरते भरत नाहीत.
ताई, सातबाऱ्यावरचंच एकक ठेवा, ते कॉलमच्या डोक्यावर एकदा लिहा आणि आरला कायम दोन आकडे: १.०५. कुठं १.५ दिसलं तर अंदाजानं शून्य लावायचं नाही, सातबारा बघायचा.
"ता." फक्त तालुक्याला, तारखेला "दि.", आणि महिना अक्षरात, दि. ५ एप्रिल २०२४. एक्सेलमध्ये कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असली की ५/४ चा ४ मे होतो, १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र त्याला कळत नाहीत म्हणून त्या नुसत्या मजकूर होऊन डावीकडं चिकटतात. कॉलममध्ये काही तारखा डावीकडं, काही उजवीकडं दिसल्या की समजा गडबड आहे. फाइलच्या नावात `2024-04-05` लिहा, ओळीनं लागतात.

कोयनाकाठ: आमच्या कऱ्हाडच्या संस्थेत कृतिदेवमधली हेडिंगं युनिकोडमध्ये नेली की जोडाक्षरं तुटतात, कुणाला उपाय माहितीये का?

तासगावची_मी: तो प्रश्न वेगळा आहे ओ, नवीन धागा काढा, मी पण वाचेन. टंकलेखक काका, खूप आभार, दोन आकडे आजच लिहून घेतले. अजून एक, आमचे ठराव प्रत्येक सभेला १ पासून सुरू होतात, मग पत्रात "ठराव क्र. ३ पाहा" म्हटलं की कुठला ते कळत नाही.

जुना_टंकलेखक: वर्षभर सलग नंबर द्या, २०२४-२५/१७ असा. ठराव रद्द झाला तरी तो नंबर परत दुसऱ्याला द्यायचा नाही.

मिरजकर७: पण संचालक मंडळाचं आणि सर्वसाधारण सभेचं रजिस्टर वेगळं असतंय, दोन्हीकडं १७ आला तर?

जुना_टंकलेखक: हां, हा मुद्दा बरोबर आहे. आम्ही पुढं "संमं" आणि "सस" लावायचो, पण बाहेरच्या माणसाला ते कळायचं नाही.

तासगावची_मी: मग पूर्ण नावच लिहू का? लांब होतंय, पण उद्या ऑडिटरना दाखवून बघते.